घास खाली जात नाही, उलटी थांबत नाही : डाव्या मेड्युलाचा झटका आणि गिळण्याची तपासणी

साठीच्या घरातला माणूस, रक्तदाब आणि मधुमेह जुना. पहाटे उठताना गरगरलं, लागोपाठ उलट्या झाल्या, बाथरूमकडे जाताना तोल सारखा डावीकडे जात होता. हातापायांत ताकद होती, तोंड वाकडं झालं नव्हतं, बोललेलं सगळं कळत होतं. त्यामुळे घरच्यांना पित्त वाटलं, दवाखान्यात चक्कर थांबायची गोळी मिळाली. ती गोळी घशातच राहिली आणि सोबत घेतलेलं पाणी नाकातून परत आलं. संध्याकाळपर्यंत आवाज बसला, उचकी लागली आणि दुसऱ्या दिवशी हे काका मांडीवर वाटी घेऊन दर मिनिटाला लाळ थुंकत बसलेले होते. (हे एकाच रुग्णाचं वर्णन नाही. अशा अनेकांत जे सारखं दिसतं ते एकाच्या रूपाने सांगतो आहोत.)

गिळण्याची तपासणी करायला आम्ही वॉर्डात जातो तेव्हा आधी त्या वाटीकडे बघतो. दिवसाला साधारण लिटरभर लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळत असतो. लाळ ओठांच्या कोपऱ्यातून ओघळत असेल तर बिघाड बहुधा तोंडात आहे: ओठ मिटत नाहीत, जीभ लाळ मागे नेत नाही, किंवा माणूस पुरेसा जागा नाही. पण माणूस लख्ख जागा आहे, लाळ तोंडात नीट गोळा करतो आहे आणि तरी ती गिळण्याऐवजी थुंकतो आहे, तर तोंड ठीक आहे आणि घशाचं दार बंद आहे. "कालपासून घोटभर पाणीही पोटात नाही हो," असं घरचे सांगतात, आणि ते खरंच असतं. मेड्युला म्हणजे मेंदूच्या देठाचा सर्वांत खालचा भाग. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, त्याच्या बाहेरच्या कडेला इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला तुकडा, दिसतो. या झटक्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. अडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं. बऱ्याचदा मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी बंद पडलेली असते, काही वेळा तिची एक शाखा. साध्या सीटी स्कॅनमध्ये ही जागा सहसा नीट दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी एमआरआयमध्येही छोटा इन्फार्क्ट निसटू शकतो. म्हणून चक्कर, उलटी आणि गिळता न येणं ही तीन लक्षणं एकत्र दिसली की हातापायांत कमजोरी नाही या गोष्टीवर समाधान मानून चालत नाही.

गिळण्याचे टप्पे पुस्तकात मुख, घसा आणि अन्ननलिका असे तीन दिलेले असतात. काही जण चावण्याचा वेगळा धरून चार करतात. काकांच्या बाबतीत पहिला टप्पा जवळजवळ शाबूत असतो. चावणं, घास जिभेवर गोळा करणं आणि जिभेने टाळूला रेटत मागे ढकलणं हे आपल्या इच्छेने चालतं, त्याचा हुकूम मोठ्या मेंदूतून येतो. जीभ हलवणाऱ्या बाराव्या मज्जातंतूचं केंद्रक, म्हणजे तो चालवणाऱ्या पेशींचा पुंजका, मेड्युलाच्या मध्यरेषेलगत असतं आणि जखम बाहेरच्या कडेला आहे. त्यामुळे जीभ बाहेर काढली तर सरळ येते, गालात अन्न साठत नाही. घास व्यवस्थित मागे जातो आणि तिथेच थांबतो.

पुढचा टप्पा जेमतेम एका सेकंदाचा असतो, आणि सगळं नाट्य त्या सेकंदात घडतं. घास जिभेच्या मुळाशी पोहोचताच मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. श्वास थांबतो. स्वरतंतू जुळतात. स्वरयंत्र दीड-दोन सेंटिमीटर वर आणि पुढे सरकतं, त्यावरचं झाकण मागे कलतं. जिभेचं मूळ आणि घशाच्या भिंती घासाला वरून खाली पिळत नेतात. त्याच वेळी अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला क्रायकोफॅरिंजियस हा कडीसारखा स्नायू सैल पडतो. हा स्नायू एरवी सतत आवळलेला असतो, म्हणून श्वास घेताना हवा पोटात जात नाही आणि पोटातलं वर येत नाही. तो नुसता सैल पडून भागत नाही. स्वरयंत्र पुढे ओढलं गेलं पाहिजे, म्हणजे दार ताणून उघडतं, आणि मागून घासाचा दाब आला पाहिजे. या तीन गोष्टींपैकी एक जरी चुकली किंवा उशिरा झाली तरी घास दाराशीच थांबतो. सगळं नीट झालं तर घास अन्ननलिकेत शिरतो, श्वास बहुतेक वेळा उच्छ्वासाने पुन्हा सुरू होतो आणि त्यामुळे घशात काही कण राहिले असतील तर ते आत ओढले जात नाहीत. तिसरा टप्पा निवांत आहे. अन्ननलिकेच्या लाटेला घास जठरापर्यंत न्यायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हा सेकंद कोण चालवतं? घशातून आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागातून आलेल्या संवेदना नवव्या आणि दहाव्या मज्जातंतूंतून मेड्युलाच्या मागच्या बाजूच्या न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस या केंद्रकात उतरतात. स्वरयंत्राच्या वरच्या भागाला संवेदना देणारी व्हेगसची, म्हणजे दहाव्या मज्जातंतूची, शाखा, सुपीरियर लॅरिंजियल नर्व्ह, यात सर्वांत प्रभावी आहे. प्राण्यांत तिला विद्युत स्पंद दिला तर गिळणं सुरू होतं. सॉलिटेरियसमधल्या आणि त्याच्या शेजारच्या पेशी ठरवतात की आता गिळायचं, आणि कुठला स्नायू कुठल्या क्षणी आवळायचा किंवा सोडायचा. हा क्रम थोडं पुढे, न्यूक्लियस अँबिग्युअसच्या आसपासच्या पेशींकडे जातो आणि तिथून जबडा, चेहरा, जीभ, घसा आणि स्वरयंत्र चालवणाऱ्या सगळ्या केंद्रकांना वाटला जातो. अँबिग्युअस स्वतः टाळू, घसा, स्वरतंतू आणि अन्ननलिकेचा वरचा भाग हलवतं. अन्ननलिकेच्या खालच्या भागाला व्हेगसचंच दुसरं केंद्रक हुकूम देतं.

ही यंत्रणा डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दुहेरी आहे. दोन्ही अर्ध्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत आणि ताल जुळवूनच काम करतात. म्हणून जखम एकाच बाजूला असली तरी पहिल्या दिवसांत गिळणं पूर्ण थांबू शकतं. शाबूत अर्ध्या भागाला एकट्याने ताल धरायला वेळ लागतो. बहुतेकांचं गिळणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं त्याचं कारणही तेच. नातेवाइकांना आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो, कारण नळी घालायची म्हटलं की कायमची घालायची असा त्यांचा समज होतो.

आता उलटी. काकांची उलटी जठरातून सुरू झालेली नसते. जखमेच्या पट्ट्यात तोल सांभाळणारी व्हेस्टिब्युलर केंद्रकं येतात. ती एका बाजूला गप्प झाली की मेंदूला शरीर फिरतं आहे असा चुकीचा निरोप जातो आणि मळमळ सुरू होते. एकोणीसशे पन्नासच्या आसपास बोरिसन आणि वँग या दोघांच्या प्रयोगांतून मेड्युलात एक उलटीचं केंद्र आणि त्याला जागं करणारं वेगळं रासायनिक ठाणं अशी मांडणी पुढे आली. रासायनिक ठाणं म्हणजे एरिया पोस्ट्रेमा. ते चौथ्या वेंट्रिकलच्या तळाशी आहे आणि तिथे रक्त व मेंदू यांच्यातला अडसर जवळजवळ नाही. त्यामुळे रक्तातलं औषध किंवा विष तिथे थेट जाणवतं. एकच गोळीबंद 'उलटीचं केंद्र' मात्र आता मानलं जात नाही. जठर-आतड्यांकडून व्हेगसमार्गे, एरिया पोस्ट्रेमाकडून, तोलाच्या केंद्रकांकडून आणि वास, भीती, आठवण यांतून मोठ्या मेंदूकडून येणारे निरोप सॉलिटेरियसमध्ये एकत्र येतात, आणि तिथून भोवतालच्या जाळ्यातले श्वासाचे, पोटाचे, घशाचे पेशीसमूह ठरावीक क्रमाने कामाला लागतात. गिळण्याचा क्रम जिथे बसतो त्याच शेजारात हे सगळं आहे.

उलटीचेही टप्पे आहेत. आधी मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, घाम, चेहरा पांढरा पडणं. त्या दरम्यान जठराचा वरचा भाग सैल पडतो आणि लहान आतड्याच्या मधल्या भागातून एक जोरदार उलटी लाट वर येत आतड्यातलं द्रव जठरात आणून टाकते. हिरवट-पिवळं पाणी पडतं ते यामुळे. पित्त 'वाढलं' म्हणून ते पडलं असं नाही. मग उमासे येतात. स्वरतंतू बंद, श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकाच वेळी आवळतात, छातीतला दाब उतरतो, जठरातलं द्रव अन्ननलिकेत वर येतं आणि परत खाली जातं. शेवटी प्रत्यक्ष उलटी. पोटाचे स्नायू जोराने आवळलेले राहतात, पण अन्ननलिकेभोवतीचा श्वासपटलाचा भाग सैल पडतो, क्रायकोफॅरिंजियस सुटतो, स्वरयंत्र पुढे आणि वर ओढलं जातं, टाळू नाकाची वाट बंद करतो. जठर स्वतः ढकलत नाही, ढकलतात ते पोटाचे स्नायू आणि श्वासपटल.

म्हणजे टाळू, स्वरतंतू, अन्ननलिकेचं दार ही मंडळी गिळताना आणि उलटीत तीच आहेत, फक्त दिशा उलटी. काकांना धोका इथेच आहे. डावा स्वरतंतू आणि टाळूचा डावा अर्धा लुळा आहे. दार गिळताना उघडत नाही, पण पोटाच्या स्नायूंचा दाब घशाच्या स्नायूंपेक्षा कितीतरी जास्त असल्याने खालून आलेली उलटी ते ढकलून वर येते. धडधाकट माणूस उलटीनंतर लगेच एकदोनदा गिळून आणि खाकरून घसा साफ करतो. काकांना ते जमत नाही. उरलेलं आंबट द्रव घशाच्या खळग्यात साठतं आणि पुढच्या श्वासाबरोबर अर्धवट उघड्या स्वरयंत्रातून फुप्फुसात उतरतं. अशा रुग्णांना ताप येतो तेव्हा 'काही खाल्लंच नाही तर ठसका कशाचा?' असं विचारतात. न खाल्लेली लाळ आणि न गिळलेली उलटी, एवढं पुरतं.

म्हणून उलट्या आटोक्यात येईपर्यंत तोंडाने काहीच द्यायचं नाही. डोकं किमान ३० अंश उंच ठेवायचं, उलटीच्या वेळी कुशीवर वळवायचं, खाटेजवळ सक्शन चालू स्थितीत हवं. औषध डॉक्टर ठरवतात, पण ते कुठे काम करतं हे आम्हालाही माहीत लागतं. ऑनडॅन्सेट्रॉन सेरोटोनिनचे ५-एचटी३ रिसेप्टर अडवतं. ते मुख्यतः आतड्यातून निघणाऱ्या व्हेगसच्या टोकांवर आणि एरिया पोस्ट्रेमात असतात, म्हणून केमोथेरपीच्या उलटीत ते प्रभावी आहे. डॉम्पेरिडोन डोपामिनचा रिसेप्टर अडवतं. ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण एरिया पोस्ट्रेमा अडसराच्या बाहेर असल्याने तिथपर्यंत पोहोचतं. तोल बिघडून होणाऱ्या उलटीत हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन अडवणारी औषधं, उदाहरणार्थ प्रोमेथाझिन, अधिक उपयोगी पडतात. त्यांच्यामुळे झोप येते आणि झोपाळू माणूस गिळण्याच्या तपासणीला नालायक असतो. शिवाय चक्करेची औषधं आठवडेच्या आठवडे चालू ठेवली तर मेंदूला नवीन तोल शिकायला उशीर होतो. पहिले काही दिवस ओसरले की ती कमी केलेली बरी.

तपासणी आम्ही उलटी थांबून काही तास गेल्यावर करतो. काकांना पाय खाली सोडून ताठ बसवायचं. उचकी मध्येच येत असेल तर तिच्या दोन झटक्यांमधलं अंतर बघून काम करायचं. तोंड आधी स्वच्छ करायचं. हे केवळ टापटिपीसाठी नाही, घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. मग, "काका, तोंड उघडा, आ करा, लांबवा." टाळू उजवीकडे ओढला जातो, पडजीभ उजव्या बाजूला सरकते. लुळी बाजू डावी. आवाज घोगरा आणि हवा सुटल्यासारखा येतो, म्हणजे डावा स्वरतंतू जुळत नाही. मग जोरात खोकायला सांगायचं. खोकला पोकळ आला तर आत गेलेलं बाहेर काढायची ताकद कमी आहे असं समजायचं. घशाच्या मागच्या भिंतीला स्पर्श करून उबळ येते का हे बरेच जण बघतात आणि उबळ आली की गिळणं सुरक्षित मानतात. तसं नाही. ती उबळ, उलटी आणि गिळणं या तीन वेगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. बऱ्याच निरोगी माणसांत ती उबळ येतच नाही आणि ते उत्तम जेवतात, तर उबळ येणाऱ्या रुग्णाचंही पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिच्यावरून टाळूची बाजू कळते, तेवढाच तिचा उपयोग.

मग हाताची चार बोटं गळ्यावर. तर्जनी हनुवटीखाली, मधलं बोट त्याच्यामागच्या हायॉइड हाडावर, अनामिका कंठमण्यावर, करंगळी त्याखाली. रिकामंच गिळायला सांगायचं. निरोगी माणसात हायॉइड आणि कंठमणी बोटांखालून एकदाच ठामपणे वर जाऊन परत येतात. काकांच्या गळ्यात स्वरयंत्र दोनचारदा थरथरून अर्धवट उचललं जातं आणि तोंडात लाळ तशीच राहते. प्रयत्न आहे, क्रम जुळत नाही. यानंतर चमच्याने ५ मिलिलिटर पाणी. गिळल्यावर 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओलसर, गुळगुळ झाला तर पाणी स्वरतंतूंवर बसलं आहे. ठसका लागला तर उघडच आहे. काकांना पहिल्याच चमच्याला ओला आवाज आला आणि अर्धं पाणी परत वर आलं. इथे थांबायचं. पुढे १० किंवा ५० मिलिलिटर देऊन 'बघू या' म्हणण्यात काही अर्थ नाही.

मात्र ठसका न लागणं म्हणजे सुरक्षित, असं उलट मानता येत नाही. संवेदना बधिर झाली असेल तर पाणी खोकल्याशिवाय आत जातं. याला मूक ॲस्पिरेशन म्हणतात, आणि खाटेजवळच्या कोणत्याही तपासणीत ते निसटू शकतं. म्हणून पुढची पायरी नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं बघायची, जिला 'फीज' म्हणतात. दुसरा मार्ग बेरियम मिसळलेला घास देऊन एक्सरेचा व्हिडिओ घेण्याचा. पहिले काही दिवस आम्ही फीज पसंत करतो, कारण ती खाटेवर होते, रुग्णाला हलवावं लागत नाही आणि लाळ कुठे साठते ते खाण्याआधीच दिसतं. तिची मर्यादा अशी की प्रत्यक्ष गिळण्याच्या क्षणी घसा दुर्बिणीवर मिटतो आणि पडदा पांढरा होतो. त्या क्षणात काय झालं ते दिसत नाही, आधीचं आणि नंतरचंच दिसतं. दार उघडतं की नाही ते एक्सरे व्हिडिओत थेट दिसतं.

काकांच्या पडद्यावर स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना पायरिफॉर्म सायनस नावाचे खळगे फेसाळ लाळेने भरलेले होते, डावा काठोकाठ. डावा स्वरतंतू स्थिर. निळा रंग मिसळलेलं पाणी ३ मिलिलिटर दिलं. पडदा पांढरा झाला, पुन्हा दिसू लागलं तेव्हा बहुतेक निळं डाव्या खळग्यात होतं आणि पुढच्या श्वासाबरोबर एक धार मागच्या कडेवरून स्वरयंत्रात उतरली. म्हणजे ॲस्पिरेशन गिळण्याच्या नंतरचं आहे, साठलेलं सांडून होणारं. ही वेळ समजणं फार महत्त्वाचं असतं, कारण उपाय तिच्यावर ठरतो.

मान डावीकडे, म्हणजे लुळ्या बाजूला वळवून पुन्हा ३ मिलिलिटर दिलं. मान त्या बाजूला वळली की डावा खळगा चेपला जातो आणि घास उजव्या, काम करणाऱ्या बाजूने उतरतो. दारावरचा आवळही थोडा कमी होतो. या वेळी निळं उजवीकडून गेलं, डावीकडे थोडंच उरलं आणि दुसऱ्यांदा गिळल्यावर तेही बरंच साफ झालं. रुग्ण बहुधा चांगल्या बाजूला मान वळवतात, त्यांना ती बाजू मोकळी वाटते. उलटं शिकवावं लागतं. एक सावधगिरी मात्र आधी: झटका व्हर्टिब्रल धमनीची भिंत चिरल्यामुळे आला असेल, विशेषतः तरुण रुग्णात किंवा मान दुखत असेल तर, न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय मान वळवायची नाही.

झटका म्हटला की सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो: घट्ट द्या, पातळ देऊ नका. मोठ्या मेंदूच्या झटक्यात गिळणं उशिरा सुरू होतं, पातळ पाणी आधीच सांडतं, तिथे तो योग्य आहे. काकांच्या घशात दार पुरतं उघडत नाही. तिथे दाट नाचणीचं सत्त्व किंवा शिरा पाण्यापेक्षा जास्त अडकतो, खळग्यात साचतो आणि तासाभराने झोपेत सांडतो. म्हणून आम्ही थोडंच दाट केलेलं द्रव निवडलं, दर वेळी ३ मिलिलिटर, मान डावीकडे, प्रत्येक घोटाला दोनदा गिळायचं. दाटपणा डोळ्यांनी ठरवत नाही. आयडीडीएसआय या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मापपद्धतीतली साधी चाचणी करतो: १० मिलिलिटरची सिरिंज, दट्ट्या काढून टोकावर बोट धरायचं, १० पर्यंत भरायचं, बोट काढून १० सेकंदांनी पुन्हा धरायचं. आत ४ ते ८ मिलिलिटर उरलं तर पातळी २, काकांसाठी तीच. सिरिंजवरच्या शून्य ते दहाच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी, नाहीतर आकडा चुकतो. पिठाने दाट केलेली पेज असेल तर एक अडचण येते. लाळेतलं अमायलेज पीठ मोडतं, आणि तोच चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडवला की शेवटची पेज पाण्यासारखी पातळ होते. झँथन गमने दाट केलेलं तसं मोडत नाही.

एवढ्या घोटांवर पोट भरत नाही. म्हणून नाकातून राइल्स ट्यूब, मोठ्या माणसाला साधारण १४ किंवा १६ नंबरची. नळी घालताना गिळणं साथ देत नाही, तिच्या स्पर्शाने उबळ येते आणि ती घशात वेटोळं करून बसते. बाहेरची लांबी बरोबर, रुग्ण शांत, आणि नळी तोंडात गुंडाळलेली, असं पुष्कळदा होतं. तोंडात बघायचं, आणि ती जठरातच आहे याची खात्री एक्सरेने किंवा ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी आहे हे बघून करायची. हवा सोडून पोटावर गुडगुड ऐकणं पुरेसं नाही, फुप्फुसात गेलेल्या नळीचाही आवाज पोटावर येऊ शकतो. फीड एका वेळी २०० मिलिलिटरच्या आसपास, हळू, बसवून. नंतर तासभर आडवं करायचं नाही, नाहीतर उलटी आणि उचकी दोन्हींना निमंत्रण. गोळ्या कुटून देताना औषधाचं नाव फार्मासिस्टला दाखवायचं. हळूहळू सुटणाऱ्या, म्हणजे नावापुढे ईआर किंवा एसआर असलेल्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम उतरतो.

उचकीबद्दल थोडं. तीही मेड्युलातूनच सुटते आणि दिवसेंदिवस टिकते. बॅक्लोफेनसारखं औषध मदत करतं, पण त्याने सुस्ती येते. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. दिवसेंदिवस उचकी आणि उलटी आहे, गिळणं मात्र ठणठणीत आहे, पोटाच्या सगळ्या तपासण्या साफ आहेत, असा रुग्ण, विशेषतः तरुण स्त्री, समोर आली तर जखम बाहेरच्या कडेला नसून मागे, एरिया पोस्ट्रेमात असू शकते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या, शरीराची प्रतिकारशक्ती मज्जासंस्थेवरच उलटणाऱ्या, आजाराची सुरुवात अशी होऊ शकते. त्यात ॲक्वापोरिन-४ ची रक्ततपासणी करतात. अशी रुग्ण पित्ताच्या गोळ्यांवर महिनोन्महिने ठेवली गेली तर पुढचा झटका डोळ्यांवर किंवा मज्जारज्जूवर येऊ शकतो.

काकांचा व्यायाम दार उघडण्यासाठी होता. मेंडेलसन पद्धतीत गिळताना कंठमणी वर गेला की हनुवटीखालच्या स्नायूंनी तो दोन-तीन सेकंद वरच धरून ठेवायचा. दार तितका वेळ उघडं राहतं. पहिले काही दिवस रुग्णाला कंठमणी सापडत नाही, म्हणून त्याचंच बोट गळ्यावर ठेवून शिकवतो. शाकर व्यायामात पाठीवर सपाट झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटं दिसतील इतकं डोकं उचलून एक मिनिट धरायचं, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. मग न धरता ३० वेळा वरखाली. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. मानेचा त्रास किंवा धमनीची चीर असेल तर हा व्यायाम देत नाही, आणि साठीतल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक मिनिट सहसा जमत नाही. १० सेकंदांपासून वाढवतो. या सगळ्यांसोबत फुगा घालून दार ताणणं, त्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिन देणं किंवा तो कापणं हेही मार्ग आहेत. कापायची घाई मात्र नको, कारण पहिल्या काही महिन्यांत मेंदूची दुसरी बाजू आपणहून बरंच काम उचलते. महिनाभराने नळी निघण्याची चिन्हं नसतील तर पोटातून घालायच्या नळीचा विषय काढतो, म्हणजे नाक-घसा मोकळा राहून सराव नीट होतो.

नळी कधी काढायची हे नातेवाईक रोज विचारतात. वाटी आपोआप कोरडी राहू लागणं ही पहिली खूण. लाळ गिळली जाते आहे. मग पुन्हा फीज. खळग्यांत थोडंच उरतं, दुसऱ्या गिळण्यात साफ होतं, स्वरयंत्रात काही उतरत नाही असं दिसलं की तोंडाचं प्रमाण वाढवतो आणि त्या प्रमाणात नळीचं फीड कमी करतो. तीन-चार दिवस लागणारं पाणी आणि अन्न तोंडाने जातं आहे, एक जेवण अर्ध्या तासात संपतं आहे, ताप नाही, वजन उतरत नाही, एवढं जमलं की नळी निघते. मऊ भात-वरण एकजीव करून चालतं. भात वेगळा आणि वरणाचं पाणी वेगळं असा घास अवघड, कारण पाणी पुढे निसटतं आणि भात मागे राहतो. पोहे, चिवडा, कोरडी भाकरी सर्वांत शेवटी.

घरी गेल्यावर घरच्यांनी चार गोष्टी बघायच्या: जेवणानंतर आवाज ओलसर होतो का, जेवायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला का, रात्री आडवं झाल्यावर खोकला येतो का, आणि संध्याकाळचा बारीक ताप. पोट बिघडून उलट्या सुरू झाल्या तर त्या दिवशी तोंडाने खाणं बंद, कुशीवर झोपवायचं आणि दवाखान्यात यायचं, गिळणं कितीही सुधारलेलं असलं तरी. डावा स्वरतंतू तोवर परत आलेला असेलच असं नाही.